पळणाऱ्यांची नखं काळी का पडतात आणि रुततात का: बुटाच्या पुढच्या भागाची लांबी आणि उंची घरी कशी तपासायची

कोल्हापुरात आता पहाटे रंकाळ्यावर आणि विद्यापीठाच्या रस्त्यावर पळणारे भरपूर दिसतात आणि त्यातल्या नव्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "ताई, अंगठ्याचं नख काळं पडलंय, काय लागलं पण नव्हतं, मग असं कसं?" आणि त्याला उत्तर पण ठरलेलंच मिळतं, बूट एक नंबर मोठा घे. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे आणि त्या अर्ध्यापायी लई जण दोन-दोन बूट विकत घेऊन पण नख काळंच घेऊन फिरतात, म्हणून नीट सविस्तर लिहितेय.

आधी काय होतं ते बघू. नख काळं पडतं म्हणजे नखाच्या खाली, जिथं ते मांसाला चिकटलेलं असतं तिथं, बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साचतं. एक मोठा मार लागायची गरज नसते. दहा किलोमीटर पळालात तर एकेक पाय पाच हजारच्या आसपास वेळा जमिनीवर पडतो, प्रत्येक वेळी नखाला बुटाचा हलका धक्का बसला तरी शेवटी रक्त उतरतंच. आणि धक्का दोन दिशांनी बसू शकतो, ही गोष्ट बहुतेक कोणी सांगत नाही. एक समोरून, म्हणजे बोटाचं टोक बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटतं, ही लांबीची भानगड. दुसरा वरून, म्हणजे बुटाचं कापड नखावर दाबून बसतं आणि पाय मागं ढकलताना अंगठा वर उचलला जातो तेव्हा नख त्या कापडावर घासतं, ही उंचीची भानगड, म्हणजे बुटाचा बोटांवरचा पुढचा भाग, टोबॉक्स, किती खोल आहे त्याची. दुकानात पुढं अंगठ्यानं दाबून बघतात ती फक्त लांबी, उंची कोणी बघतच नाही.

आता ह्या दोन्हींचा एकमेकींशी संबंध कसा आहे ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बुटाचा पुढचा भाग कौलारू घराच्या छपरासारखा असतो, चवड्यापाशी उंच आणि टोकाकडं उतरत जातो. तुमचं नख त्या छपराखाली नेमकं कुठं येतं त्यावर त्याच्या डोक्यावर किती जागा राहणार ते ठरतं. बूट लांबीला आखूड असला की नख पार उतरत्या टोकाखाली जाऊन बसतं, म्हणजे समोरून पण मार आणि वरून पण. म्हणून अर्धा नंबर मोठा घेतला की काहींना दोन्हीकडून आराम पडतो, नख छपराच्या जरा उंच भागाखाली येतं ना. पण ज्या बुटाचं छप्परच मुळात बुटकं आहे त्यात कितीही नंबर वाढवा, फरक जेमतेम पडतो, वर टाच सैल होते, पाय पुढं घसरायला लागतो आणि नख परत काळं. मोठा बूट घेऊन पण नख काळं पडतंय त्यांचं बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

तर करायचं काय, एकेक करून सांगते.

पहिलं, पाय मोजा, आणि संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि लांब पळताना तर आणखीच फुगतो. फरशीवर भिंतीला लागून कागद ठेवा, पळताना घालता तेच सॉक्स घालून टाच भिंतीला टेकवून उभं राहा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, आणि घरातल्या कुणाला तरी सांगा सर्वात लांब बोटापुढं पेन्सिल उभी धरून खूण करायला. स्वतः वाकून करू नका, वाकलं की भार बदलतो आणि माप चुकतं. सर्वात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, लई जणांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं आणि मग काळं पण तेच पडतं. दोन्ही पाय मोजा, एक थोडा मोठा निघेलच, बूट त्याच्यासाठी घ्यायचा. आणि चपलेचा नंबर सांगून बूट मागू नका, चप्पल लाईनला जाऊन कोल्हापुरी घेताना बोटं पुढच्या कडेपर्यंत आली तरी चालतं कारण तिथं आपटायला भिंतच नसते, बुटात ती असते.

दुसरं, बुटातली जागा मोजा. बुटाच्या आतला इनसोल बाहेर काढा (बहुतेक रनिंग शूजचा निघतो), जमिनीवर ठेवा, टाच त्याच्या मागच्या कडेला बरोबर लावून त्यावर उभं राहा. सर्वात लांब बोटापुढं साधारण १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या साधारण निम्म्या रुंदीएवढं, इनसोल दिसायला पाहिजे. पाच-सहा मिलिमीटरच दिसत असेल तर सपाटीवर काही होणार नाही कदाचित, पण उतारावर नख जाणार. यूके मापात अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास आणि पूर्ण नंबर म्हणजे साडेआठच्या आसपास, हे डोक्यात असू द्या, म्हणजे किती वाढवायचा ते आकड्यात ठरवता येतं, "जरा मोठा द्या" असं म्हणावं लागत नाही. एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे बूट आतून सारखे नसतात, म्हणून नंबरवर न जाता प्रत्येक वेळी इनसोलच काढून बघा. ऑनलाईन मागवला तर घरात फरशीवरच हे करा, रस्त्यावर घालून नेला की परत घेत नाहीत.

आणि लांबी बघताना अंगठ्याच्या बाजूची कड पण बघा. काही बूट मध्यावर टोकदार असतात, तिथं सगळ्यात लांब जागा मधल्या बोटांपुढं असते आणि अंगठ्याच्या बाजूनं बूट आधीच तिरका वळायला लागलेला असतो. कागदावर लांबी भरपूर आणि अंगठ्याला प्रत्यक्षात जागा नाही. इनसोलवर उभं राहिल्यावर अंगठा बाजूनं बाहेर डोकावत असेल तर तो बूट ठेवून द्या, नंबर वाढवून हे सुटत नाही. हे लक्षात ठेवा, खाली नख रुतायचा विषय येतो तिथं ह्याचं काम आहे.

तिसरं, उंची. ह्याला पट्टीनं मोजायचं असं माप नाही, हातानंच बघावं लागतं. इनसोल परत घाला, सॉक्स घालून बूट घाला, लेस बांधा, उभं राहा. आता आतल्या आत अंगठा वर उचला आणि वरून बघा, कापडावर अंगठ्याचा उंचवटा टरारून उठला, चामड्यासारखा ताणलेला दिसला तर उंची कमी आहे. नुसतं उभं असताना, अंगठा न उचलता पण नखाला कापड टेकलेलं जाणवत असेल तर बोलायलाच नको. चांगल्या बुटात अंगठा थोडा उचलता येतो आणि नखावरचं कापड बोटांच्या चिमटीत हलकं पकडता येतं. मग बूट काढून आत हात घाला आणि बोटानं वरचा भाग चाचपा, विशेषतः अंगठ्याच्या वर. बाहेरून मजबुतीसाठी पट्ट्या चिकटवलेल्या असतात किंवा पुढं कडक रबर असतं, त्याची आतली कड बरोबर नखावर येत असेल तर मऊ जाळीचा बूट असून पण नखाला कडक वस्तूच लागते. डोंगरात पळायच्या बुटांत पुढचं रबर जास्त कडक असतं म्हणून त्यात हे हमखास चाचपा.

चौथं, उतार करून बघा. आपल्याकडं दुकानांच्या दारात गाडी चढवायला सिमेंटचा उतार असतो, त्यावर खाली तोंड करून उभं राहा, दोन-चार पावलं उतरा. बोटं पुढं जाऊन टेकली तर पन्हाळ्यावरून वाघबीळकडं पळत उतरताना काय होईल ते इथंच कळलं. दुकानदार म्हणतात, "घालून घालून सैल होतील हो", कापड थोडं सैल होतं पण लांबी वाढत नाही, भिंत आहे तिथंच राहते.

आता जुना बूट घरात असेल तर त्याची तपासणी करा, ती सगळ्यात खरं सांगते. निदान शे-दीडशे किलोमीटर पळालेल्या बुटाचा इनसोल काढून उजेडात धरा, बोटांचे काळपट गोल ठसे उमटलेले दिसतील. अंगठ्याचा ठसा अगदी पुढच्या कडेपर्यंत गेला असेल तर लांबी कमी पडतेय. ठशापुढं एक बोटभर स्वच्छ जागा आहे आणि तरी नख काळं, तर आत हात घालून अंगठ्याच्या वरचं कापड बघा, तिथं जाळी घासून पातळ झालेली किंवा भोक पडलेलं असेल तर उंची कमी आहे. आणि ठसा एक गोल नसून पुढं-मागं ओढल्यासारखा लांबट फराटा असेल तर पाय बुटात घसरतोय, म्हणजे टाच पकडलेली नाही. नखावर पण खूण असते पण ती इतकी पक्की नाही, टोकाच्या कडेलाच काळं असेल तर समोरच्या माराचा संशय जास्त, नखाच्या मध्यावर किंवा मुळाकडं काळं असेल तर वरचा दाब. फक्त नखावरून निकाल लावू नका, बुटाचे ठसे आणि नख दोन्ही मिळवून बघा.

माझ्या आत्तेभावाचं उदाहरण सांगते, कारण त्याच्यात हे सगळं ओळीनं घडलं. त्याचा डावा पाय २६२ मिलिमीटर, उजवा २५८. बूट घेतला तो ऑफिसच्या बुटाच्या नंबरचा, यूके ८, इनसोल मोजला तर २६९, म्हणजे डाव्या पायापुढं फक्त ७. रंकाळ्यावर तीन महिने काही झालं नाही, मग ग्रुपबरोबर पन्हाळ्याला गेला, उतरून आला आणि दुसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं अशी दोन्ही नखं जांभळी. सगळ्यांनी सांगितलं मोठा घे, त्यानं साडेआठ घेतला, इनसोल २७३, पुढं ११ जागा, एकदम बरोबर. शेजारचं बोट सुधारलं. पण अंगठा महिन्याभरात परत काळा, ह्या वेळी तर उतार पण नव्हता, नुसता सपाट रस्ता! तो नऊ घ्यायला निघाला होता, मी म्हटलं थांब, बूट घेऊन ये आधी.

इनसोल काढला तर ठशापुढं भरपूर जागा, म्हणजे लांबीचा विषय संपला. आत हात घातला तर अंगठ्यावर जाळी खरखरीत झालेली, बोट लावलं की आरपार उजेड दिसत होता. आणि हातात जो इनसोल आला तो बुटाचा नव्हताच, टाच दुखते म्हणून त्यानं वेगळा जेलचा जाड इनसोल घातला होता, मूळचा पण तसाच खाली ठेवून त्याच्यावर. जेलचा पुढचा भाग मोजला तर ४ मिलिमीटर. म्हणजे पाय तेवढा वर उचलला गेला, छप्पर आहे तिथंच, नख जाऊन कापडाला चिकटलं. जेलचा काढून टाकला, टाचेसाठी फक्त टाचेखाली बसणारा छोटा तुकडा ठेवला, तो पण पातळ, कारण टाच जास्त उचलली की पाय पुढं घसरतो. नऊ नंबर घेतलाच नाही. त्याच साडेआठमध्ये तो परत पन्हाळा उतरून आला, नवीन काळं काही नाही. म्हणून कुणीही जाड इनसोल किंवा जाड सॉक्स घालायला सुरू केलं की उंचीची तपासणी परत करा, जाडीनं खाल्लेली जागा उंचीतूनच जाते. दुसरा इनसोल घालायचाच असेल तर मूळचा काढून घाला, एकावर एक नको.

लेसचं पण बघून घ्या, कारण जागा बरोबर असून बांधणी ढिली असली की सगळं फुकट. बुटाच्या वर घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, बहुतेक जण ते रिकामंच सोडतात. लेस त्या भोकात त्याच बाजूनं बाहेरून आत घाला म्हणजे दोन्हीकडं एकेक छोटा फास तयार होईल, मग डाव्या लेसचं टोक उजव्या फासातून आणि उजव्याचं डाव्यातून काढा, खाली-मागं ओढून घट्ट करा आणि गाठ मारा. टाच मागं बसलेली राहते, पाय उतारावर पुढं जात नाही. बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा मागं ठोकून घ्या. आणि बोटांकडच्या पहिल्या दोन भोकांतली लेस सैलच ठेवा, ती आवळली की छप्पर खाली येतं. बरेच जण उलट करतात, खाली घट्ट आणि वर सैल.

आता नख रुतायचं. हे काळ्या नखापेक्षा वेगळं आहे, इथं नखाची बाजूची कड मांसात घुसते, बहुतेक अंगठ्यालाच. बूट इथं दोन बाजूंनी काम करतो, तिरकी वळलेली कड बाजूचं मांस नखावर ढकलते आणि कमी उंचीचं कापड नखाला वरून दाबून कडा खाली वाकवतं. दोन्ही एकदम असलं की लवकर होतं. पण नुसत्या बुटानं सहसा होत नाही, बरोबरीला नख कापायची चूक असते. मी स्वतः केलेली आहे. नख कापताना कोपरे गोल करून खोल कापायचे, कोपऱ्यात नेलकटर पोचला नाही की उरलेलं बोटानं ओढून काढायचं, आणि तिथंच आत एक बारीक काट्यासारखं टोक राहतं जे दिसत नाही. नख वाढतं तसं ते टोक मांसात जातं. माझं ते पावसाळ्यात झालं, दोन महिने बूट वाळलाच नाही असा पाऊस, रोज ओले सॉक्स, कातडी भिजून मऊ पडलेली, आणि मऊ कातडीत नख लवकर घुसतं. नख सरळ आडवं कापा, कोपरे तसेच राहू द्या, लांबी बोटाच्या टोकाच्या आसपास ठेवा, त्याच्या आत नको. फार लांब पण नको, कारण लांब नख म्हणजे आखूड बूटच की, समोरचा मार सरळ नखावर येतो. पावसात दोन जोड आलटून पालटून वापरा, एकच असेल तर आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा आणि इनसोल बाहेर काढून वेगळा वाळवा.

नुकतंच रुतायला लागलंय, थोडं लाल आणि दाबलं की दुखतं, एवढंच असेल तर रोज एकदा-दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पाय, मग नीट कोरडा करायचा, चार दिवस पळणं बंद आणि पुढं उघडी चप्पल, कोल्हापुरी चालेल पण तिचा अंगठा त्या बाजूला घासत असेल तर साधी स्लीपर. घरात सुई किंवा ब्लेडनं कोपरा खणू नका. पू आला, लाली पसरायला लागली, ठणका रात्री झोपू देत नाही, तर डॉक्टर. परत परत होत असेल तर बधिर करून नखाची तेवढीच कड काढतात आणि मुळाला औषध लावतात म्हणजे तिथून परत उगवत नाही, छोटं काम असतं. डायबेटीस असेल किंवा पायाला मुंग्या-बधिरपणा असेल त्यांनी मिठाचं पाणी वगैरे करत बसू नये, पहिल्याच दिवशी दाखवावं.

काळ्या नखाला, दुखत नसेल तर काही करायचं नाही. ठणकत असेल, नखाखाली रक्त ताणून बसलंय असं वाटत असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरकडं जा, ते नखाला बारीक छिद्र पाडून रक्त सोडतात आणि लगेच आराम पडतो, उशीर केला की रक्त गोठतं मग छिद्राचा उपयोग नाही. तापवलेली सुई घेऊन घरी करणारे आहेत, करू नका, जंतू आत जातात. नख सैल झालं तर उपटू नका, सुटलेला भाग तेवढा कापा आणि बाकीच्यावर टेप लावा, खालची कातडी त्यानंच झाकलेली असते.

आणि एक काम सगळ्यांनी करा. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवीन यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. रक्ताचा डाग नखाबरोबर पुढं सरकतो आणि त्याच्या मागं मुळाकडून स्वच्छ नख येतं. म्हणून काळं पडलं की मोबाईलनं फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून, आणि दर महिन्याला एक फोटो. डाग सरकत नसेल, किंवा मुळापासून टोकापर्यंत उभी काळी-तपकिरी रेघ असेल आणि ती रुंद होत असेल, किंवा काळेपणा नखाच्या भोवतीच्या कातडीवर उतरला असेल, तर ते बुटाचं नाही असं धरा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, नखाखाली होणारा एक कॅन्सर असाच दिसतो, विरळ आहे पण पळणाऱ्यांमध्ये "बूट लागला असेल" म्हणून तो मागं पडतो.

आत्तेभावाच्या अंगठ्याचे सात फोटो झालेत आता. पहिल्या फोटोत डाग मुळाला लागूनच होता, परवाच्या फोटोत मुळापासून डागापर्यंत ९ मिलिमीटर स्वच्छ गुलाबी नख आहे, आणि मधे नवीन काळं काहीच आलेलं नाही.